डेरिव्हेशनमधली चूक दुरुस्त करणारा मेल: एक घात बदलून भागत नाही

प्रश्न: एमएस्सी भाग एकच्या वर्गाला मी टीचिंग असिस्टंट आहे, कोल्हापुरात. मंगळवारच्या तासाला सरांनी प्लँकचं सूत्र वारंवारतेतून तरंगलांबीत नेताना ν च्या जागी c/λ घातलं, पण dν बदलायचा राहिला. पुढे त्यावरूनच सूर्यासाठी कमाल ८८३ नॅनोमीटरला काढली. तास संपल्यावर एका मुलीने चूक दाखवली. सर म्हणाले, "तू सगळ्यांना मेल टाक." शुक्रवारी असाइनमेंट द्यायची आहे, त्यात २८०० केल्विनच्या फिलामेंटचं गणित आहे. मी एवढंच लिहिलंय: "कालच्या डेरिव्हेशनमध्ये छोटी चूक होती. λ³ ऐवजी λ⁵ वाचावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." बास आहे का?

उत्तर:

नाही, बास नाही. शिवाय तुमच्या मेलमध्ये एक नवी चूक शिरली आहे, तेवढी आधी काढा. फक्त ν च्या जागी c/λ घातल्यावर फळ्यावर वर 8πh आणि खाली λ³ असं आलं असणार, कारण ν³ मधला c³ खालच्या c³ शी कटतो. आता मुलांनी तुमचं ऐकून λ³ चा λ⁵ केला, तर वर 8πh च राहील. खरं सूत्र 8πhc/λ⁵ आहे, म्हणजे एक c हरवला. कमाल कुठे येते त्यावर या c चा परिणाम होत नाही, त्यामुळे ही चूक लगेच कुणाच्या लक्षातही येणार नाही. ती पुढच्या आठवड्यात स्टीफनच्या नियमाचा स्थिरांक काढताना वर येईल, आणि तेव्हा निम्मा वर्ग आपलं इंटिग्रेशन कुठे चुकलं ते शोधत बसेल.

मी कोल्हापुरातच सव्वीस वर्षं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवते. अगदी याच जागी मीही एकदा चुकले होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारावर चिठ्ठी लावली होती: "पान १४, ओळ ३ : सूत्र असे वाचावे", आणि खाली बरोबर सूत्र. मुलांनी प्रामाणिकपणे ओळ ३ सुधारली. चाचणीचे पेपर तपासायला घेतले तेव्हा बऱ्याच पेपरांत वर λ⁵ होता, आणि खाली कमाल काढताना पूर्वीचाच २.८२ हा आकडा होता. वरची ओळ आणि खालचं उत्तर यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. मी ओळ दुरुस्त केली होती, पण त्या ओळीतून पुढे जे जे निघालं होतं ते तसंच वहीत राहिलं होतं. दुरुस्तीचा मेल त्या पुढच्या गोष्टींसाठी लिहायचा असतो.

म्हणून मेल लिहिण्याआधी वही घेऊन बसा आणि चुकलेल्या ओळीपासून पुढे चालत जा. तुमच्या वर्गात ती वाट अशी गेली असणार. चुकीच्या सूत्राचं डिफरन्सिएशन करून शून्याशी जुळवलं की x = 3(1 − e^(−x)) असं समीकरण येतं, इथे x म्हणजे hc/λkT. त्याचं उत्तर २.८२१. त्यावरून λT चा गुणाकार ५.१०० × १०⁻³ मीटर केल्विन, आणि सूर्याचं ५७७२ केल्विन तापमान घातलं की ८८३ नॅनोमीटर. बरोबर सूत्रात तीनच्या जागी पाच येतो, x होतो ४.९६५, गुणाकार २.८९८ × १०⁻³ आणि सूर्यासाठी ५०२ नॅनोमीटर. असाइनमेंटमधल्या २८०० केल्विनच्या फिलामेंटला मंगळवारच्या वहीप्रमाणे १८२१ नॅनोमीटर येईल, खरं उत्तर १०३५ आहे. एवढा फरक असताना "छोटी चूक" हे शब्द मेलमध्ये ठेवू नका. छोटी म्हटलं की मुलं वही उघडतच नाहीत. "मोठी" असंही लिहायला नको. काय बदललं ते आकड्यात दिलंत की चूक केवढी आहे ते त्यांना आपोआप कळतं.

आता या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. २.८२१ हा आकडा सरसकट चुकीचा नाही. तो वारंवारतेच्या वक्राची कमाल देतो. सूर्यासाठी u(ν) चा वक्र ३.३९ × १०¹⁴ हर्ट्झला सर्वांत उंच असतो, हे पूर्ण बरोबर आहे, आणि c ला त्या वारंवारतेने भागलं की ८८३ नॅनोमीटरच येतात. म्हणजे मंगळवारी सरांनी नकळत वारंवारतेच्या वक्राची कमाल काढली आणि तिला तरंगलांबीच्या वक्राची कमाल म्हटलं. मेलमध्ये "८८३ चूक, ५०२ बरोबर" असं लिहिलंत, तर एखादी हुशार मुलगी पुस्तकात २.८२१ बघून तुम्हाला विचारणारच, आणि बाकीचे न विचारता पुस्तकच चूक समजतील.

खरी चूक आहे ती u(ν) आणि u(λ) म्हणजे एकच फलन, फक्त अक्षर बदललेलं, असं धरण्यात. ही घनता आहे, दर एकक पट्ट्यामागे किती ऊर्जा, असा तिचा अर्थ. पट्टा बदलला की घनता बदलते.

वर्गात मी हे रंकाळ्यावर नेऊन सांगते. सकाळी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्यांची नोंद ठेवायची आहे. हिशेबासाठी समजा फेरी ४ किलोमीटरची. एकाने माणसं वेळेप्रमाणे मोजली: किती जणांना ३० ते ३१ मिनिटं लागली, किती जणांना ६० ते ६१. दुसऱ्याने तीच माणसं वेगाप्रमाणे मोजली, सारख्या रुंदीच्या वेगपट्ट्यांत. वेग म्हणजे ४ भागिले वेळ, जसा ν म्हणजे c भागिले λ. आता एक तास घेणाऱ्याचा वेग ताशी ४ किलोमीटर, आणि त्याच्या जवळचा एक मिनिटाचा पट्टा वेगात मोजला तर जेमतेम ०.०७ किलोमीटर रुंद. अर्धा तास घेणाऱ्याचा वेग ताशी ८, आणि तिथला तोच एक मिनिटाचा पट्टा वेगात जवळजवळ ०.२७ रुंद, म्हणजे चौपट. वेळ निम्मा, पट्टा चौपट. हाच तो १/λ². त्यामुळे दोघांच्या आलेखांत गर्दीचं टोक वेगळ्या जागी येतं, आणि दोघांनीही एकच माणसं मोजलेली असतात. माझ्या अनुभवात हे एकदा डोक्यात बसलं की dν विसरणारा विद्यार्थी पुन्हा सहसा विसरत नाही. मेलमध्ये हे सगळं घालायला जागा नाही, पण दोन ओळी हव्यातच.

मुलांना स्वतः तपासता येईल अशी एक खूणही द्या. "सर म्हणाले λ³, आता टीए म्हणतात λ⁵" एवढ्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? इथे दोन खुणा आहेत. पहिली एककांची: u(λ) ला λ च्या पट्ट्याने गुणल्यावर जूल दर घनमीटर यायला हवं. 8πh/λ³ चं एकक जूल-सेकंद दर घनमीटर आहे, म्हणजे अजून ती दर हर्ट्झची घनताच आहे, दर मीटरची नाही. दुसरी खूण मला जास्त आवडते. मंगळवारचं सूत्र सगळ्या तरंगलांबींवर इंटिग्रेट केलं तर एकूण ऊर्जा T² च्या प्रमाणात येते. स्टीफनचा नियम T⁴ सांगतो, आणि तो मुलांना बीएस्सीपासून पाठ असतो. x = hc/λkT असा बदल केला की दोन ओळींत हे दिसतं. ज्याने या दोन ओळी स्वतः केल्या, त्याला तुमच्या मेलची साक्ष लागत नाही.

आता मी पाठवला असता तो मेल. विषयाच्या ओळीत तास, दिवस आणि सूत्र तिन्ही असू द्या, नुसतं "दुरुस्ती" नको. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं मेलबॉक्समध्ये शोधतात ते याच शब्दांनी.

> विषय: मंगळवारचा तास, प्लँकचं सूत्र तरंगलांबीत: दुरुस्ती (असाइनमेंट प्रश्न २ वर परिणाम)
>
> नमस्कार,
>
> मंगळवारच्या तासाला तरंगलांबीतलं प्लँकचं सूत्र आणि त्यावरून काढलेली λ_max या दोन्ही गोष्टी बदलायच्या आहेत. असाइनमेंटचा प्रश्न २ खालच्या सूत्राने सोडवा.
>
> कुठे चुकलं: वारंवारतेतलं सूत्र बरोबर आहे. त्यात ν च्या जागी c/λ घातल्यावर dν सुद्धा dλ मध्ये बदलायला हवा होता. तो राहिला. त्या ओळीपासून तासाच्या शेवटापर्यंतचा भाग वहीत खोडा आणि हे लिहा:

```
u(ν) dν = (8πhν³/c³) · 1/(e^(hν/kT) − 1) dν
ν = c/λ ,   |dν| = (c/λ²) dλ
u(λ) dλ = (8πh/λ³)·(c/λ²) · 1/(e^(hc/λkT) − 1) dλ
        = (8πhc/λ⁵) · 1/(e^(hc/λkT) − 1) dλ

x = hc/λkT :   x = 5(1 − e^(−x))  →  x = 4.965
λ_max · T = 2.898 × 10⁻³ m K
```

> dν मधलं ऋण चिन्ह इथे घेतलेलं नाही. λ वाढली की ν घटते एवढंच ते सांगतं. पट्ट्याची रुंदी धनच धरायची.
>
> काय बदलतं: सूर्यासाठी (५७७२ केल्विन) u(λ) ची कमाल ५०२ नॅनोमीटरला येते.
>
> ८८३ नॅनोमीटर कुठून आले: ते u(ν) च्या कमालीशी जुळतात (x = २.८२१). u(ν) म्हणजे दर हर्ट्झ ऊर्जा, u(λ) म्हणजे दर मीटर. हे दोन वेगळे वक्र आहेत, म्हणून त्यांची टोकं c = νλ ने जोडता येत नाहीत.
>
> काय बदलत नाही: मंगळवारच्या पहिल्या अर्ध्या तासातलं सगळं, म्हणजे u(ν) चं सूत्र आणि त्याचे दोन्ही टोकांचे अंदाज.
>
> तपासून पाहा: नवं u(λ) सर्व λ वर इंटिग्रेट करा. T⁴ यायला हवं. जुन्या ओळीवरून T² येतं.
>
> प्रश्न २ आधीच सोडवला असेल तर तेवढंच पान बदलून द्या. सबमिशन सोमवारी घेऊ, असं सरांनी सांगितलं आहे. ही चूक वर्गातल्या एका विद्यार्थिनीने लक्षात आणून दिली, तिचे आभार. शंका असल्यास गुरुवारी दुपारी प्रॅक्टिकलनंतर मी लॅबमध्ये आहे.

यात मी काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. चुकीचं सूत्र मेलमध्ये कुठेही स्वतंत्र ओळीत मांडलेलं नाही, चूक शब्दांत सांगितली आहे. मेल मोबाइलवर वाचला जातो, त्याचा स्क्रीनशॉट काढला जातो, आणि अर्ध्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त चुकीची ओळ आली तर ती ग्रुपवर तशीच फिरते. बरोबर सूत्राच्या वाटेत 8πh/λ³ हा तुकडा दिसतो खरा, पण त्याच्या शेजारीच c/λ² आहे, त्यामुळे तो सुटा उचलला जात नाही. "काय बदलत नाही" हा परिच्छेद लोक हमखास विसरतात. तो नसला तर घाबरलेली मुलं सगळा तासच खोडून टाकतात, आणि u(ν) चं बरोबर सूत्रही कंसात प्रश्नचिन्ह घालून ठेवतात. तुमच्या वहीप्रमाणे तासाचा कोणता भाग शाबूत आहे ते बघून हा परिच्छेद बदला, माझा तसाच उचलू नका.

सरांचं नाव चुकीशी जोडून लिहिलेलं नाही. "मंगळवारच्या तासाला" एवढं पुरतं, कोण शिकवत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण पाठवण्याआधी हा मजकूर सरांना दाखवाच. त्यांनी तुम्हाला मेल टाकायला सांगितलं म्हणजे मजकूर न वाचता मान्य केला असं होत नाही. प्रत्यक्ष भेटा, वही उघडून ओळ दाखवा आणि सबमिशनचा निर्णय त्यांच्याकडून घ्या. वर मी सोमवार लिहिला तो नमुन्यापुरता. मुदत वाढवायची की नाही आणि आधी दिलेल्या उत्तरांना गुण कसे द्यायचे, हे तुमच्या हातात नाही, आणि हे ठरण्याआधी मेल गेला तर पहिला प्रतिसाद त्याबद्दलच येईल. त्या मुलीचं नाव लिहायचं असेल तर तिला आधी विचारा. काही मुलींना वर्गासमोर सरांची चूक काढणारी म्हणून ओळखलं जाणं नको असतं. मी एकदा न विचारता नाव वाचून दाखवलं होतं, आणि ती विद्यार्थिनी पुढे महिनाभर तासाला तोंड उघडेना. अजूनही मला ते लागून राहिलं आहे.

मेल केवढा लिहायचा, हे मात्र परिस्थितीवर आहे. चूक फक्त मधल्या एका ओळीत असती, म्हणजे खडूने एखादं चिन्ह उलटं पडलं आणि पुढच्या ओळीत ते आपसूक बरोबर झालं, तर तुमच्यासारखा दोन ओळींचा मेल मीही लिहिला असता. उद्याच चाचणी असती तर मी फक्त पहिला परिच्छेद आणि सूत्रं पाठवली असती, बाकीचं चाचणीनंतर. रात्री अकरा वाजता दोन वक्रांचा फरक वाचून कुणाचं भलं होत नाही. आणि सर पुढच्या तासाला स्वतः फळ्यावर पुन्हा करणार असतील, तर सगळ्यात उत्तम. तरी मेल लागतोच, कारण त्या तासाला गैरहजर असलेल्यांच्या वहीत मंगळवारच्या नोट्स झेरॉक्स होऊन आलेल्या असतात.

नोट्सची पीडीएफ तुम्ही ड्राइव्हवर टाकत असाल, तर जुनी फाइल गुपचूप बदलू नका. ज्यांनी उतरवून घेतली आहे त्यांना कळणारच नाही. नव्या फाइलच्या नावात "दुरुस्त" आणि तारीख घाला, पहिल्या पानावर कोणतं पान बदललं ते लिहा, आणि जुनी काढून टाका.

मेल गेल्यावर जो प्रश्न नक्की येईल त्याचीही तयारी ठेवा: "मग सूर्याची खरी कमाल कुठे?" याला उत्तर "५०२" असं देऊ नका, नाहीतर इतकं लिहिलेलं वाया जाईल. कमाल कोणत्या पट्ट्याने मोजता त्यावर आहे. त्यांना पट्ट्यावर अवलंबून नसलेला आकडा हवा असेल तर एक आहे: ५७७२ केल्विनच्या ब्लॅकबॉडीची अर्धी ऊर्जा साधारण ७१२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीत असते आणि अर्धी जास्त. वेळेप्रमाणे मोजा किंवा वेगाप्रमाणे, रंकाळ्यावरचा मधला माणूस तोच राहतो, तसं.

आणि एखाद्याला खरंच चटक लागली असेल तर त्याला विश्वातल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचं गणित द्या. तापमान २.७२५ केल्विन. त्याने u(λ) ची कमाल काढावी, १.०६ मिलिमीटर येईल. मग u(ν) ची काढावी, १६० गिगाहर्ट्झ येईल. दोन्ही आकडे पुस्तकांत छापलेले सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत. आता त्यांचा गुणाकार करायला सांगा. उत्तर १.७ × १०⁸ मीटर दर सेकंद येतं, प्रकाशाचा वेग येत नाही. त्याला यात चूक दिसली, तर तुमचा मेल त्याला अजून पोचलेला नाही, त्याच्याशी बसून पुन्हा बोला. "दोन वेगळे वक्र आहेत, म्हणून" असं तो म्हणाला, तर त्याची वही तपासायची गरज नाही.